गेम निवडताना आधी आवाज तपासा

गोड चित्रं आणि हसरे प्राणी दिसले की गेम सौम्यच असणार, असं आपण गृहीत धरतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हा अंदाज अनेकदा चुकतो. कँडी क्रश पाहा. एक गोळी हलवली की दहा फुटतात, सगळा पडदा चमकू लागतो, मध्येच भारदस्त आवाजात शाबासकी मिळते. आणि हे कोणत्या चालीनंतर होईल, हे खेळणाऱ्याला आधी कळत नाही. उलट सांगाडे आणि झोंबी असलेला माइनक्राफ्ट बराच शांत करून घेता येतो.

आवाज किती मोठा, यापेक्षा तो सांगून येतो का आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे का, याला जास्त महत्त्व असतं. स्वतः मिक्सर लावणारा मुलगा दुसऱ्याने तोच मिक्सर न सांगता सुरू केला तर कान झाकतो, हे अनेक घरांत दिसतं. म्हणून गेम पाहताना त्यातला सगळ्यात वाईट क्षण शोधावा: हरल्यावर काय वाजतं, पातळी पूर्ण झाल्यावर काय चमकतं, शत्रू कसा येतो. यूट्यूबवर कुणीही मध्ये बोलत नसलेला खेळाचा व्हिडिओ आवाजासकट पाहिला, तर हे पैसे खर्च करण्याआधीच कळतं.

फोनचा आवाज कमी करून भागत नाही. हळू संगीत आणि स्फोट यांतलं अंतर तेवढंच राहतं. संगीत ऐकू येत नाही म्हणून मुलगा आवाज वाढवतो आणि पुढचा स्फोट थेट कानात बसतो. हेडफोन असेल तर आणखीच. त्यामुळे संगीत, निसर्ग, शत्रू अशा वेगवेगळ्या आवाजांना वेगळ्या पट्ट्या देणारा गेम निवडावा.

समजा पंधरा वर्षांच्या मुलाला संगणकावर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लावून द्यायची आहे. त्याला बांधकामाची आवड आहे, पण ढग गडगडले की तो खोली सोडतो. आधी Difficulty मध्ये Peaceful निवडायचं. म्हणजे मागून फुस्स करत येऊन फुटणारा क्रीपर राहतच नाही. तरी गुहेत अधूनमधून घुमणारे भीतिदायक आवाज Peaceful मध्येही येतात; ते Music & Sounds मधल्या Ambient/Environment पट्टीवर असतात, ती शून्यावर आणायची. Weather शून्य केली की पाऊस आणि गडगडाट दोन्ही गप्प होतात. पण वीज चमकायची राहते, त्यासाठी Accessibility Settings मध्ये Hide Lightning Flashes सुरू करायचं. Particles हे Minimal वर नेलं की हवेत उडणारे ठिपके कमी होतात, आणि View Bobbing बंद केलं की चालताना पडदा हलत नाही. Show Subtitles मुळे प्रत्येक आवाजाचं नाव कोपऱ्यात येतं. काहींना त्याने धीर येतो, पण ज्याला पडद्यावरची गर्दी सोसत नाही, त्याला तीच अक्षरं त्रास देतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरं वाटलं ते समजत नाही. फोनवरच्या आवृत्तीत मेनू थोडा वेगळा असतो.

झगमगाटाबाबत एक भेद लक्षात ठेवायला हवा. गेमच्या सुरुवातीला येणारी सूचना फेफऱ्याबद्दल असते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, हा वेबसाठीचा निकषही त्याच धोक्यासाठी आहे. त्यात बसणारा गेमसुद्धा संवेदनशील मुलाला असह्य होऊ शकतो. आणि स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्यामुळे, पडद्यासमोर मूल काही क्षण हरवल्यासारखं झालं किंवा हातपाय झटकले गेले, तर सेटिंग बदलत न बसता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

आपल्याकडे बहुतेक मुलं फोनवर फुकटचे गेम खेळतात, आणि तिथे खरा त्रास जाहिरातींचा. शांत कोडं सोडवताना अचानक किंचाळणारी जाहिरात येते. तिच्यासाठी गेममध्ये कोणतीच पट्टी नसते. इंटरनेटशिवाय चालणारा गेम असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहावं. नाहीतर एकदाच पैसे देऊन जाहिरातमुक्त आवृत्ती घेतलेली बरी. डॉर्फरोमँटिकमध्ये षटकोनी तुकडे जोडून गावं, शेतं, नद्या तयार करायच्या असतात, वेळेचं बंधन नसतं. टाउनस्केपरमध्ये तर हरणं-जिंकणंच नाही. दोन्ही दिसायला बाळबोध नाहीत, ही किशोरवयीन मुलासाठी मोठी गोष्ट. लहान मुलांचा गेम दिल्याचा अपमान त्याला नीट कळतो.

आणि त्याला वर्गमित्रांसोबत बंदुकीचाच गेम खेळायचा असेल तर? तेव्हा नकार देण्याआधी सरावाच्या मैदानात, व्हॉइस चॅट बंद ठेवून दहा मिनिटं खेळू द्यावं. खेळताना तो ठीक दिसेल. नजर ठेवायची ती पुढच्या अर्ध्या तासावर: कान झाकणं, मोठ्याने गुणगुणणं, जेवायला नकार, विनाकारण चिडणं. यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी, तो शांत असताना, कोणता आवाज नको होता ते त्यालाच पट्ट्यांवर बोट ठेवून दाखवायला सांगावं.