परतावा वाढला, मग गल्ला रिकामा का?

आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा, थोडं गणित आहे. सोपं जावं म्हणून वर्ष 360 दिवसांचं धरू.

मसाला करणारा एक गट समजा. त्याची दोन वर्षांची पत्रकं आपल्यासमोर आहेत. पहिल्या वर्षी विक्री 3,60,000 आणि नफा 36,000. दुसऱ्या वर्षी विक्री 4,50,000 आणि नफा 40,500. बायकांचं स्वतःचं भांडवल आधी 90,000 होतं, मग सगळ्यांनी थोडे थोडे घालून ते 1,00,000 केलं. नफा दरवर्षी वाटून घेतला. म्हणजे स्वतःच्या शंभर रुपयांवर आधी 40 रुपये मिळाले, आता साडेचाळीस. बैठकीत सगळ्या खूश. पण खजिनदार ताई म्हणतात, मिरचीवाल्याला द्यायला पैसे नाहीत!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कशा, ते पाहायला त्या परताव्याचे तीन तुकडे करायचे. याला ड्यूपाँट पद्धत म्हणतात, कारण अमेरिकेतल्या त्या नावाच्या कंपनीत ती वापरात आली.

पहिला तुकडा, शंभर रुपयांच्या विक्रीत नफा किती. आधी 10 रुपये, आता 9. दुसरा तुकडा, धंद्यात गुंतलेला सगळा पैसा वर्षातून किती वेळा फिरला. गुंतलेला पैसा म्हणजे यंत्र, माल, येणं, रोख असं सगळं. ताळेबंदात तो आधी 1,80,000 होता, आता 3,00,000 आहे. विक्रीला त्याने भागा. आधी 2 वेळा फिरला, आता दीड वेळा. तिसरा तुकडा, हा गुंतलेला पैसा स्वतःच्या भांडवलाच्या किती पट. आधी 2 पट, आता 3 पट. बाकीचा पैसा कर्जाचा आणि उधारीचा.

आता गुणाकार करा. 10 गुणिले 2 गुणिले 2, झाले 40. आणि 9 गुणिले दीड गुणिले 3, झाले साडेचाळीस. नफ्याचं प्रमाण घटलं, पैशाचं फिरणं मंदावलं, वाढलं ते फक्त कर्ज. उद्या विक्री बसली तरी व्याज आणि हप्ता थांबणार नाही.

मग इतकं कर्ज कशाला लागलं? गुंतलेला पैसा 1,20,000 नी वाढला. त्यात नवीन यंत्र 50,000 चं. उरलेले 70,000 माल आणि उधारीत अडकले. ते दिवसांत मोजता येतात.

विकलेल्या मालाचा खर्च पहिल्या वर्षी रोजचा 700 रुपये होता आणि शिल्लक माल 28,000 चा, म्हणजे 40 दिवसांचा. दुकानदारांकडे येणं 15,000. रोजची विक्री 1000, म्हणजे 15 दिवस. आपण व्यापाऱ्याला देणं 10,500, तेही रोजच्या 700 ने 15 दिवसांचं. 40 अधिक 15 वजा 15. मिरचीत घातलेला रुपया 40 दिवसांनी गल्ल्यात परत येत होता.

दुसऱ्या वर्षी रोजचा खर्च 900 आणि माल 63,000 चा, म्हणजे 70 दिवस. रोजची विक्री 1250 आणि येणं 50,000, म्हणजे 40 दिवस. व्यापारी मात्र आता थांबत नाही. त्याचं देणं 9,000, फक्त 10 दिवस. 70 अधिक 40 वजा 10, झाले 100 दिवस. चाळीसाचे शंभर! विक्री वाढवायला नव्या दुकानांना उधार दिलं, त्याची ही किंमत.

इथे एक सावधगिरी. ताळेबंद 31 मार्चचा असतो आणि तेव्हा मिरचीचा हंगाम असतो, वर्षाची खरेदी नुकतीच झालेली असते. त्यामुळे 70 दिवस फुगलेले असू शकतात. पहिल्या वर्षी खरेदी एप्रिलमध्ये गेली असेल तर तुलनाच चुकेल. म्हणून दर महिनाअखेर माल मोजा आणि बारा आकड्यांची सरासरी घ्या. दुसरं, बायकांनी आपली मजुरी खर्चात धरली नसेल तर नफ्याचा आकडाच खोटा. आपल्याकडे हे फार होतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

माल पुढच्या हंगामापर्यंत लागणारच, त्यात फार ओढाताण नको. हंगामात मिरची स्वस्त मिळते. उधारीला हात घाला. येणं 40 दिवसांवरून 15 वर आणलं तर 25 गुणिले 1250, म्हणजे 31,250 रुपये मोकळे होतात. ते कर्जात भरा. वहीत प्रत्येक दुकानासमोर माल दिल्याची तारीख लिहा, आणि आधीचे पैसे आल्याशिवाय नवी पेटी गाडीत चढवू नका. एखादं दुकान तुटेल. ते महिना-दीड महिना पैसे अडकवणारं असेल, तर त्याची विक्री गेल्यावर नफा किती घटतो आणि व्याज किती वाचतं, हे आधी वहीत मांडून बघा.