गुळवेल कुठली, आणि सल्ला कोणाचा?

केनवडच्या शिवारात कडुनिंबावर चढलेली गुळवेल दिसली, तर कोणास नवल वाटणार नाही. कोविडच्या काळात तिचा काढा अनेक घरांत नित्याचा झाला. पुढे 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर घरोघरी दोन उत्तरे ऐकू येत : “वेलच ती, तिने काय अपाय होणार?” आणि “हे ॲलोपॅथीचे डॉक्टर, ते असेच बोलणार.”

पहिल्या उत्तराला कण्हेर आणि धोतरा पुरेसे आहेत. दोन्ही निसर्गातच उगवतात आणि दोन्ही विषारी आहेत. दुसरे उत्तर मात्र अधिक फसवे आहे. वक्ता कोणत्या पंथाचा, यावरून रुग्णाच्या रक्तातील बिलिरुबिन कमी-जास्त होत नाही. तपासायचे ते इतकेच : विषाणूजन्य कावीळ आधी वगळली होती काय, आणि गुळवेल थांबविल्यावर प्रकृती सुधारली काय? केवळ सुधारणाही निर्णायक नसते, कारण काही कावीळ आपोआप बरी होते. म्हणूनच आधीचे वगळणे महत्त्वाचे.

आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती तिच्यासारखीच दिसणारी, ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दुसरी जात असू शकेल. हाही उगमाचाच प्रश्न. पण येथे तो रास्त आहे. जात बदलली की वेलीतील द्रव्ये बदलतात, आणि यकृतावरील परिणामही बदलू शकतो. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर बारीक उंचवटे असतात व कापल्यास दुधी चीक येतो, असे सांगतात. परंतु बाजारातील चूर्णावरून हे कोण ओळखणार? म्हणजे आक्षेप खरा मानला, तरी डबी विकत घेणाऱ्याचा धोका टळत नाही. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रश्न मुंबईच्या डॉक्टरांपुरता उरला नाही.

विक्रेत्याच्या शब्दाचे काय? त्याचा नफा आहे म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. मात्र चूर्ण आपण स्वतः तपासू शकत नाही, तेव्हा त्याच्या शब्दावरच विसंबणे मात्र धोक्याचे. असाच न्याय डॉक्टरांनाही लावावा, हे ओघाने आलेच.

घरातील आजोबा काढा घेत असतील आणि डोळ्यांना पिवळेपणा, लघवीला गडद रंग, अन्नावरची वासना उडणे किंवा अंगाला खाज अशी लक्षणे दिसली, तर काढा त्याच दिवशी थांबवावा आणि बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी या तपासण्या कराव्यात. डॉक्टरांकडे जाताना वेलीचा उरलेला तुकडा किंवा चूर्णाची डबी सोबत न्यावी. आजोबा संकोचाने काढ्याचे नाव घेत नसतील, तर ते आपणच सांगावे.