अस्मानी, सुलतानी आणि एक कुलूप

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून भोसरीतले एक लघुउद्योजक पंपांचे कास्टिंग घेतात. दोघांमधला करार २०१६चा, दोन पानी, मराठीतला. परदेशी ग्राहकाला तो इंग्रजीत हवा होता, म्हणून भाषांतरासाठी माझ्याकडे आला. त्यातलं सातवं कलम असं होतं: ‘अस्मानी-सुलतानी संकट, संप, टाळेबंदी इत्यादी कारणांनी माल देण्यात अडचण आल्यास पुरवठादार जबाबदार राहणार नाही.’

एकच वाक्य, पण मी त्यात दोन दिवस अडकले.

आधीच्या कुणीतरी केलेला एक कच्चा तर्जुमाही सोबत होता. त्यात ‘अस्मानी-सुलतानी’साठी ‘ॲक्ट ऑफ गॉड’ लिहिलं होतं. वाचायला बरं वाटतं, पण अर्धं कलम गळून पडतं. अस्मानी म्हणजे आभाळातून कोसळणारं: पूर, दुष्काळ, वीज. सुलतानी म्हणजे राज्यकर्त्यांकडून येणारं: युद्ध, जप्ती, हुकूम. जुन्या महसुली व्यवहारात शेतसाऱ्याची सूट मागताना हीच जोडी पुढे केली जाई. इंग्रजी कायद्यातला ‘ॲक्ट ऑफ गॉड’ फक्त निसर्गापुरता आहे. त्यात सुलतानाला जागा नाही. दोघांना एकत्र सामावणारा शब्द फ्रेंचांकडून आला, ‘फोर्स माज्योर’. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९६१मध्ये धनराजमल गोविंदराम खटल्यात हा शब्द निव्वळ दैवी प्रकोपापेक्षा व्यापक असल्याचं मान्य केलं. इंग्रजीला ज्यासाठी फ्रेंच उसना घ्यावा लागला, ते आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी होतं! तरी नुसतं ‘फोर्स माज्योर’ लिहून मी थांबले नाही. पुढे ‘नैसर्गिक आपत्ती आणि सरकारी कृती’ असा खुलासा इंग्रजीत घातला, कारण मूळ शब्दातच तो आहे.

त्यानंतर ‘टाळेबंदी’. कच्च्या तर्जुम्यात ‘लॉकडाउन’ होतं. २०२०नंतर कुणाच्याही हातून हेच होईल, कारण वर्तमानपत्रांनी लॉकडाउनसाठी ‘टाळेबंदी’ हाच शब्द वापरला. पण करार २०१६चा आहे, आणि ‘संप’ला लागून येणारी टाळेबंदी ही १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातली, म्हणजे ‘लॉकआउट’. कामगार काम थांबवतात तो संप. मालक कामगारांना बाहेर ठेवून गेटला कुलूप लावतो ती टाळेबंदी. हे सांगितल्यावर उद्योजक खुर्चीत सरसावून बसले. “म्हणजे मॅडम, त्यानं स्वतःच कुलूप लावलं तरी तो सुटला?”

या शब्दांप्रमाणे तसा दावा त्याला करता येतो. मला ते आवडलं नाही, पण भाषांतरात मी कुणाची बाजू सावरू शकत नाही. सरकारनं लादलेल्या लॉकडाउनसाठी ‘सुलतानी’ आहेच, त्यामुळे ‘लॉकआउट’ लिहिल्यानं फाउंड्रीचंही काही हिरावलं जात नाही.

सगळ्यात निसरडा शब्द मात्र ‘अडचण’. त्याचं इंग्रजी ‘प्रिव्हेंटेड’ करायचं की ‘हिंडर्ड’? पहिल्याचा अर्थ माल देणं शक्यच नव्हतं, दुसऱ्याचा अर्थ देणं फार कठीण झालं. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. समजा, फाउंड्री कोरडी आहे, चारशे कास्टिंग तयार आहेत, पण ट्रक निघत नाही. लांबच्या वळशानं माल पोचण्यासारखा असेल, तर ‘प्रिव्हेंटेड’ म्हणणाऱ्या करारात फाउंड्रीला तो वळसा का घेतला नाही याचं उत्तर द्यावं लागेल. ‘हिंडर्ड’मध्ये तिची बाजू बरीच भक्कम होते. मुळात ‘अशक्य’ नाही, ‘अडचण’ आहे. मी ‘हिंडर्ड’ लिहिलं.

तरी ‘अडचण’ रबरासारखी हवी तितकी ताणता येत नाही. पिग आयर्न महागलं, म्हणून जुन्या दरात माल देणं परवडत नाही, ही सबब सहसा चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी तूप खरेदी करणाऱ्या एजंटांनी, परिस्थिती पालटली म्हणून ठरल्यापेक्षा जास्त मोबदला मागितला होता. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. सौदा तोट्याचा झाला, एवढ्यानं तो मोडत नाही.

आणि हे कलमच नसतं तर? मग १८७२च्या करार कायद्याचं कलम ५६ उरतं. तिथे अशक्यता सिद्ध करावी लागते, अडचण पुरत नाही. म्हणजे कोल्हापूरकरांचा सगळा भार त्या एका साध्या शब्दावर होता.

जाताना उद्योजकांनी विचारलं, पूर किती दिवसांत कळवायचा आणि तोवर माल दुसरीकडून घेता येईल का, हेही इंग्रजीत टाकता येईल का? मुळात ते नव्हतं, म्हणून मी नकार दिला. ते आधी मराठीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या, मग आणा, असं सांगितलं. त्यांनी तिथूनच फाउंड्रीला फोन लावला.