मुंबईत जाऊन का राहिला नाहीत?

टोरँटो, मॉन्ट्रियल किंवा व्हँकुव्हरमध्ये निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्या पंजाबी माणसाला सुनावणीत एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो: तुम्ही मुंबईत जाऊन का राहिला नाहीत? कधी मुंबईच्या जागी दिल्ली येते, कधी बंगळुरू किंवा कोलकाता. पण कॅनडाच्या फेडरल कोर्टाचे भारतीय अर्जदारांबाबतचे निकाल चाळले तर आपल्या मुंबईचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं. जिथे आपण लोकलला लटकतो, त्या शहराकडे हजारो मैलांवर बसलेला एक अधिकारी ‘हा माणूस तिथे सुरक्षित राहील का’ या नजरेनं पाहत असतो. पुष्कळ वेळा सगळा अर्ज याच एका प्रश्नावर उभा राहतो किंवा पडतो.

प्रश्न वरवर साधा वाटतो. तो का विचारला जातो हे समजायला निर्वासित कायद्यानं कुणाला म्हणतात, तिथून सुरुवात करावी लागेल. १९५१चा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि त्याला जोडलेला १९६७चा प्रोटोकॉल हा या कायद्याचा पाया. भारतानं यांवर सही केलेली नाही, कॅनडानं केली आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९६मध्ये हीच व्याख्या आली आहे. माणूस स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे. परत गेल्यास छळ होईल अशी साधार भीती त्याला असली पाहिजे. तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणानं होणारा असला पाहिजे. आणि त्याचा स्वतःचा देश त्याचं रक्षण करू शकत नसला पाहिजे.

ही व्याख्या प्रत्यक्षात कशी लावतात, ते एका काल्पनिक पण नेहमीच्या घडणीच्या अर्जावरून पाहू. पंजाबातल्या एका गावातला तिशीतला शीख शेतकरी. एका रात्री त्याच्या घरी ओळखीचा एक माणूस मुक्कामाला राहिला. पुढे पोलिसांनी त्या माणसाला खलिस्तानवादी ठरवलं आणि याला उचलून नेलं. एफआयआर नाही, कोर्टासमोर हजर करणं नाही. तीन दिवस मारहाण झाली, कोऱ्या कागदांवर सह्या आणि अंगठे घेतले. घरच्यांनी पैसे भरल्यावर सुटका झाली, ती दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावण्याच्या अटीवर. दुसऱ्यांदा उचलल्यानंतर त्यानं एजंट गाठला आणि देश सोडला.

मंडळाचा सदस्य आधी छळाचा विचार करतो. निकाल देणाऱ्या संस्थेचं नाव इमिग्रेशन अँड रिफ्युजी बोर्ड. पहिली सुनावणी सहसा एकच सदस्य घेतो, सोबत दुभाषी असतो. अर्जदाराला समोरासमोर ऐकून घेतलं पाहिजे हा हक्कसुद्धा १९८५ साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं दिला, आणि तो ज्या खटल्यात दिला तो शीख अर्जदारांच्याच नावानं ओळखला जातो. छळ म्हणजे कुठलाही त्रास नव्हे. टोमणे, नोकरी नाकारली जाणं, एखादी दमदाटी हे सुटं सुटं बहुधा छळात मोडत नाही, पण ते साचत जाऊन मूलभूत हक्कांवरच घाला पडत असेल तर मोडू शकतं. आपल्या शेतकऱ्याला कोठडीत झालेल्या मारहाणीबद्दल या मुद्द्यावर फारसा वाद होणार नाही. वाद होतो तो खरेपणावर. अर्जातली तारीख आणि तोंडी सांगितलेली तारीख जुळते का, डॉक्टरच्या चिठ्ठीत काय लिहिलंय, दुसऱ्या अटकेचा उल्लेख अर्जात का राहिला, असे प्रश्न तासन् तास चालतात.

इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. मागे झालेल्या जुलमाची भरपाई म्हणून आश्रय मिळत नाही. मागचा छळ हा पुरावा असतो आणि प्रश्न पुढचा असतो: उद्या परत पाठवलं तर काय होईल? घडून गेलेल्या घटना खऱ्या असण्याची शक्यता खोट्या असण्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवावं लागतं. पण पुढच्या धोक्यासाठी तेवढी मोठी शक्यता लागत नाही. पन्नास टक्क्यांहून कमी असली तरी ती ‘गंभीर शक्यता’ असेल तर पुरे, असं तिथल्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलनं १९८९मध्ये स्पष्ट केलं. ज्याला जिवाची किंवा देहाची किंमत मोजावी लागेल त्याच्याकडून भविष्याची खात्री मागू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो.

मग येतं कारण. आपला शेतकरी म्हणेल, मी कुठल्याही चळवळीत नाही, माझं काही राजकीय मतच नाही. तरी त्याचा अर्ज राजकीय मताच्या खान्यात बसतो. १९९३च्या वॉर्ड खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मत खरोखर अर्जदाराचं असण्याची गरज नाही, छळणाऱ्यानं ते त्याच्या माथी मारलं असलं तरी चालतं. वॉर्ड हा उत्तर आयर्लंडमधल्या एका सशस्त्र संघटनेचा सदस्य. ओलिसांना मारायचा हुकूम आल्यावर त्यानं त्यांना सोडून दिलं आणि त्याचीच संघटना त्याच्या जिवावर उठली. छळणारं सरकारच असलं पाहिजे असं नाही, सरकार वाचवू शकत नसेल तरी व्याख्या लागू होते, हेही याच निकालात पक्कं झालं.

आता गोष्ट जरा बदलून पाहू. याच शेतकऱ्याला चुलतभावानं जमिनीच्या बांधावरून, स्थानिक आमदाराचा वशिला लावून, पोलिसांकडून मारवलं असतं तर? मार तोच, कोठडी तीच, पण पाच कारणांपैकी एकही नाही. वैयक्तिक वैर हे करारातलं कारण नव्हे. कॅनडात अशा माणसासाठी कलम ९७ आहे. जिवाला धोका, छळवणूक किंवा क्रूर वागणूक यांपासून ते कारण न विचारता संरक्षण देतं, पण धोका ‘होण्याचीच शक्यता जास्त’ इथपर्यंत सिद्ध करावा लागतो. एकाच जखमेसाठी पुराव्याची पट्टी बदलते.

छळ आणि कारण दोन्ही मान्य झालं तरी मुंबईचा प्रश्न उरतोच. दुसऱ्या देशाचं संरक्षण हा शेवटचा आधार आहे, म्हणून स्वतःच्या देशाचा एखादा भाग सुरक्षित असेल तर आधी तिथे जा, असं हे तत्त्व म्हणतं. याला देशांतर्गत आश्रयाचा पर्याय म्हणता येईल. कॅनडात त्याची घडी बसवली ती श्रीलंकेच्या तमिळांच्या खटल्यांनी. जाफनात धोका असेल, पण कोलंबोत का राहू नये, हा तेव्हाचा प्रश्न होता. १९९१च्या रसरत्नम आणि १९९३च्या थिरुनावुक्करसू या निकालांतून दोन कसोट्या निघाल्या. सुचवलेल्या ठिकाणी छळाची गंभीर शक्यता नसली पाहिजे. आणि या विशिष्ट माणसानं सगळ्या परिस्थितीत तिथे जाऊन राहावं ही अपेक्षा गैरवाजवी नसली पाहिजे. सदस्यानं ठिकाणाचं नाव घेऊन आधी सूचना द्यायला हवी. नाव एकदा घेतलं, की ते ठिकाण चालणार नाही हे दाखवण्याचा भार अर्जदारावर पडतो.

पहिल्या कसोटीवर सदस्य दोन गोष्टी तपासतो: शोधणाऱ्यांकडे मुंबईपर्यंत पोचायची साधनं आहेत का, आणि तेवढी खुमखुमी आहे का. अर्जदाराचा वकील भाडेकरू पडताळणीचा मुद्दा काढतो. मुंबईत खोली भाड्यानं घ्यायची तर घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते हे आपल्याला माहीतच आहे. गावचा पत्ता त्या फॉर्मवर येतो, आधार कार्ड जोडलं जातं, आणि पंजाबच्या ठाण्यापर्यंत ही माहिती जाणार नाही याची हमी कोण देणार? पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक जाळ्याचाही उल्लेख होतो.

सदस्याचं उत्तर बहुधा असं असतं: त्या जाळ्यात नोंदलेले गुन्हे असतात, तुमच्यावर एफआयआरच नाही, मग तुमचं नाव तिथे दिसणार कसं? कोठडी बेकायदा होती म्हणूनच तिची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून मुंबई सुरक्षित. हा युक्तिवाद तर्काला सोडून नाही. एखाद्या ठाण्यातल्या इन्स्पेक्टरनं पैसे उकळण्यासाठी उचललेला माणूस आणि राज्याच्या यंत्रणेला खरोखर हवा असलेला माणूस यांत फरक आहेच, आणि पहिल्याला मुंबईत कुणी शोधत येईल असं नाही. पण बेकायदा वागणाऱ्या पोलिसांची ओळखही बेकायदा मार्गानं, एका फोनवर चालते, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिकडच्या सदस्याला मात्र ते पुराव्यानिशी सांगावं लागतं.

दुसरी कसोटी अर्जदारासाठी फार कडक आहे. भाषा येत नाही, नातेवाईक नाहीत, भाडं परवडत नाही, डिपॉझिटला पैसे नाहीत, यांतलं काहीच सहसा पुरत नाही. तिथल्या परिस्थितीनं जीव आणि सुरक्षितताच धोक्यात येईल, याचा ठोस पुरावा लागतो, असं फेडरल कोर्ट ऑफ अपीलनं रंगनाथन खटल्यात म्हटलं. हिंदी बोलणारा, धडधाकट, गुरुद्वाऱ्याचा आधार मिळू शकेल असा पुरुष मुंबईत तगेल, हे सदस्याला पटकन पटतं. फाळणीनंतर आलेल्या पंजाब्यांनी सायन कोळीवाड्यात संसार उभे केलेच होते. पण एकटी बाई, आजारी म्हातारा, दुसऱ्या जातीत लग्न करून माहेर तोडलेली आणि कडेवर मूल असलेली मुलगी यांना हाच मापदंड लावला की त्याची धार जाणवते. यांच्यासाठी मुंबईत खोली मिळवणं म्हणजे काय, हे केवळ नकाशा पाहून कळत नाही, आणि माझ्या मते हा उंबरठा गरजेपेक्षा उंच आहे.

एक दार मात्र कोर्टानं उघडं ठेवलं आहे, ते लपण्याचं. थिरुनावुक्करसू निकालानंच म्हटलं होतं की डोंगरातल्या गुहेत किंवा जंगलात दडून राहा असं कुणाला सांगता येणार नाही. शहरातही दडून राहावं लागू शकतं. २०२०मध्ये पाकिस्तानातल्या एका कुटुंबाच्या प्रकरणात फेडरल कोर्टानं हा धागा पुढे नेला. नव्या शहरात सुरक्षित राहण्यासाठी गावातल्या आप्तांना पत्ता सांगायचा नाही, किंवा त्यांनी शोधायला आलेल्यांशी खोटं बोलून स्वतः धोका पत्करायचा, तर ते लपून राहणंच झालं. आपल्या शेतकऱ्याचा अर्ज इथे तगू शकतो. पोलीस अजून त्याच्या घरी येत असतील तर मुंबईत राहून आईला फोन करायचा की नाही, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येतो.

म्हणूनच या अर्जांत जुन्या जखमेच्या फोटोपेक्षा शेवटच्या चौकशीची तारीख अनेकदा जास्त मोलाची ठरते. देश सोडल्यानंतर पोलीस घरी कधी आले, किती जण होते, कुणाचं नाव घेतलं, बापाला ठाण्यात नेलं का, शेजाऱ्यानं काय पाहिलं, हे तपशील हवेत. सरपंचाचं प्रतिज्ञापत्र येतं, पण ठरावीक मजकुराचं आणि चार अर्जांत शब्द न् शब्द सारखं असलं तर उलट अंगावर उलटतं. दोन-तीन वर्षं कुणी फिरकलंच नसेल तर खुमखुमी संपली असं सदस्य लिहितो आणि मुंबईचा पर्याय मान्य करतो. मग अर्ज फेटाळला जातो, भले कोठडीतल्या मारहाणीचा शब्द न् शब्द त्यानं खरा मानलेला असला तरी.