मैफल उघडणाऱ्या दोन ओळी

कविसंमेलन सुरू होते तेव्हा सभागृह अजून स्थिरावलेले नसते. कुणी खुर्ची शोधत असतो, कुणी दारातून आत येत असतो. म्हणून सूत्रसंचालक दीर्घ कवितेने सुरुवात करत नाही, तीन-चार द्विपदी मुक्तके म्हणतो. एक हुकले तरी उशिरा आलेल्याला पुढचे पूर्ण कळते. मराठीत मुक्तक म्हटले की बहुधा चार ओळी डोळ्यांपुढे येतात, पण मुक्तकाचे लक्षण ओळींच्या संख्येत नाही. मागचे-पुढचे काही ठाऊक नसताना जे कळते, ते मुक्तक. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथा आहेत. त्यांना यमक नाही, पण प्रत्येक गाथा स्वतंत्र आहे.

हे स्वातंत्र्य कुठे निसटते, ते या लेखासाठी रचलेल्या एका द्विपदीत पाहू:

सांजवेळी दार उघडे ठेवले आहे कुणी
सांगतो आता पुढे मी कोण होती पाहुणी

वृत्त चोख देवप्रियाचे आहे: गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा, एका ओळीत २६ मात्रा. यमकही जुळले. तरीही हे मुक्तक नव्हे, कारण दुसरी ओळ पुढच्या ओळींकडे बोट दाखवते. आता ती बदलू:

सांजवेळी दार उघडे ठेवले आहे कुणी
दूर गावाहून आली ओळ माझी पाहुणी

दार कुणाचे ते सांगितलेले नाही, तरी काही राहून गेले असे वाटत नाही. आलेली पाहुणी म्हणजे कविताच, हे कळते आणि समोर बसलेले श्रोते आपोआप यजमान होतात.

पहिली ओळ दोनदा म्हणण्याची रीत आहे. त्या वेळात श्रोता मनातल्या मनात यमक शोधू लागतो. ‘कुणी’ला त्याला ‘उणी’ लगेच सुचेल, ‘पाहुणी’ला थोडा वेळ लागेल. म्हणूनच नेमका शब्द अगदी शेवटी हवा. तो ओळीच्या मध्ये आला, तर दाद मिळण्याआधीच अर्थ फुटतो. ‘ठेवले’च्या जागी ‘ठेवलेले’ म्हटले, तर दोन मात्रा वाढतात. कागदावर ते लक्षात येत नाही, मोठ्याने म्हणताना मात्र श्वास अडखळतो.

पुढचे मुक्तक अगदी निराळ्या विषयावरचे चालते:

बैल विकला, दावणीला फक्त खुंटा राहिला
सांज झाली, हात माझा शोधताना पाहिला

हात काय शोधतो, ते लिहिलेले नाही. ‘बैलाची पाठ’ असे लिहिले असते, तर श्रोत्याला करण्यासारखे काही उरले नसते. माझ्या मते असे जड मुक्तक पहिले नसावे. आधी दार उघडणारे म्हणावे, सभागृह शांत झाल्यावर हे. त्यानंतर क्षणभर थांबून थेट पहिल्या कवीचे नाव घ्यावे, मुक्तकाचा अर्थ सांगत बसू नये.