जिमचा पहिला आठवडा: अंग आंबलंय की स्नायू फाटलाय?

दसऱ्याला किंवा पाडव्याला जिमची फी भरली जाते, सोमवारी पहिला लेग डे होतो आणि बुधवार-गुरुवारी आमच्याकडे फोन यायला लागतात. मंगळवारी पाय थोडे जड होते, बुधवारी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागला. "मॅडम, हे नेहमीचं अंग आंबणं आहे की काही दुखावलंय?" असा प्रश्न असतो, आणि त्यापाठोपाठ किती भयंकर दुखतंय याचं वर्णन. फिजिओथेरपीच्या कामात मला सगळ्यात कमी उपयोगी पडते ती हीच माहिती. ज्याला कमोडवर बसता येत नाही इतक्या मांड्या दुखतायत, त्याचं बहुधा काहीच फाटलेलं नसतं. उलट स्नायूला खरी इजा झालेला माणूस अनेकदा दोन पायांवर नीट चालत येतो. दुखणं सुरू कधी झालं आणि बोट ठेवून जागा दाखवता येते का, हे दोन प्रश्न विचारले की बराचसा उलगडा होतो.

आधी आंबण्याचं पाहू. जिममध्ये अजूनही सर्रास सांगतात की स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचतं आणि म्हणून दुखतं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळपास पूर्वपदावर येतं, दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. 1983 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचा छान पडताळा घेतला. काही जणांना ट्रेडमिलवर सपाटीवर पळवलं आणि नंतर उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, आणि पाय चांगलेच दुखले. सिंहगड चढून उतरलेल्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक असतं. चढताना धाप लागते, पण दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावतो खरा, पण आखडत नाही, लांबत जातो. स्क्वॉटमध्ये खाली बसताना, डंबेल हळू खाली आणताना हेच होतं. अशा वेळी शरीर तेवढ्याच वजनासाठी कमी स्नायूतंतू कामाला लावतं. रस्सीखेचीत दहा जणांची ओढ चौघांवर पडावी तसा प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो, आणि ज्याला याची सवय नाही त्या स्नायूत सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल इतकी बारीक मोडतोड होते. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1902 सालीच असा अंदाज मांडला होता की उशिरा येणारं दुखणं थकव्याचं नसून स्नायूच्या आतल्या इजेचं आहे. 1980च्या दशकात स्वीडनमध्ये स्नायूचे नमुने काढून पाहिले, तेव्हा तंतूंची आखीव रचना ठिकठिकाणी विस्कटलेली दिसली. या मोडतोडीच्या वेळी मात्र दुखत नाही. दुखतं ते नंतर, दुरुस्तीसाठी तिथे सूज येते आणि नसांची टोकं हळवी होतात तेव्हा. म्हणून बारा ते चोवीस तास शांततेत जातात, 24 ते 72 तासांत दुखणं शिगेला जातं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं.

स्नायू खरोखर दुखावतो तेव्हा तो अशी वाट पाहत नाही. तो बहुतेक वेळा स्नायू आणि स्नायुबंध जिथे एकमेकांत मिसळतात त्या भागात फाटतो, आणि ते त्याच क्षणी कळतं. कुणी सांगतं, "कुणीतरी मागून दगड मारला असं वाटलं," कुणी सांगतं, "आत काहीतरी ओढलं गेलं." पण कोणत्या व्यायामाच्या कितव्या फेरीत, हे जवळजवळ प्रत्येकाला सांगता येतं. 'सकाळी उठलो तर दुखत होतं' आणि 'शेवटच्या सेटला वाकलो आणि कळ आली' या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे.

खरी पंचाईत होते ती दोन्ही गोष्टी एकाच पायात असतात तेव्हा. पहिल्या आठवड्यात हे मी वारंवार पाहते, आणि त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. चौतिशीचा तरुण, बैठं काम. सोमवारी त्याने स्क्वॉट केले, लंजेस केले आणि शेवटी रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे जवळपास सरळ ठेवून कमरेतून वाकत बार नडगीपर्यंत न्यायचा. तिसऱ्या सेटमध्ये खाली जाताना उजव्या मांडीच्या मागे ओढ बसली. त्याने बार ठेवला, मिनिटभर थांबला, फार दुखलं नाही म्हणून पायांचं मशीनही करून घरी गेला. बुधवारी दोन्ही पाय लाकडासारखे झाले. ट्रेनरने सांगितलं, पहिल्या आठवड्यात होतंच, ताणून काढ. गुरुवारी तो आला आणि म्हणाला, "मॅडम, दोन्ही पाय दुखतायत, मग उजव्यात वेगळं काय असणार?"

अशा वेळी डावा पाय कामाला येतो. त्यानेही तोच व्यायाम तितक्याच वेळा केलेला असतो, त्यामुळे आंबण्याचा जो वाटा आहे तो दोन्हीकडे जवळपास सारखा असायला हवा. त्याच्या वरचं जे काही उजव्यात आहे, ते आंबण्याचं नाही.

त्याला पालथं झोपवलं आणि तळव्याने मांडी दाबत गेले. डावीकडे बैठकीच्या हाडापासून गुडघ्यामागपर्यंत सगळीकडे हुळहुळत होतं, कुठे बोट ठेवावं हे त्यालाच सांगता येईना. उजवीकडेही तसंच, पण बैठकीच्या हाडाखाली चार-पाच बोटांवर एक जागा अशी होती की तिथे दाबल्याबरोबर त्याने पाय झटकला. मग गुडघा थोडा वाकवायला सांगून मी टाचेवर खाली दाबलं आणि त्याने पाय वर रोखून धरायचा. डावा पाय दुखत होता, पण रोखला गेला. उजवा त्याच बिंदूत कळ येऊन सुटला. ही चाचणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आंबलेल्या स्नायूचीही ताकद घटते, दुखणं सुरू होण्याच्या आधीपासूनच घटते. त्यामुळे नुसता अशक्तपणा म्हणजे इजा, असा निष्कर्ष काढता येत नाही. एकाच जागी कळ, ती जोर लावताना आणि ताणताना दोन्ही वेळा त्याच जागी, आणि दुसऱ्या बाजूशी ठळक तफावत, असं सगळं जुळून यावं लागतं. पाठीवर झोपवून सरळ पाय उचलला तेव्हा डावा सत्तर अंशांपर्यंत गेला, उजवा पन्नाशीतच अडला. कमरेतून निघालेली नसही मांडीमागे दुखते, म्हणून मुंग्या, बधिरपणा आहे का हे विचारलं. नव्हता.

शनिवारी त्याने फोटो पाठवला. डावी मांडी मोकळी झाली होती. उजवीकडे गुडघ्याच्या थोडं वर मागच्या बाजूला जांभळट-पिवळा डाग उतरला होता. कळ वर आणि डाग खाली, याने लोक गोंधळतात. फाटलेल्या जागेचं रक्त स्नायूंच्या पडद्यांमधून गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतं, त्यामुळे ते दिसतं दोन-तीन दिवसांनी आणि भलतीकडेच. आंबण्यात असा डाग पडत नाही. डाग नसला म्हणून इजा नाही असं मात्र नव्हे, कारण छोट्या इजेत तो अनेकदा दिसतच नाही.

'फार दुखलं नाही' या त्याच्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग या संशोधकाने धावपटूंच्या आणि नर्तकांच्या मांडीमागच्या इजा ताडून पाहिल्या. वेगात पळताना स्नायू फाटलेले धावपटू सुरुवातीला जास्त लंगडत होते. हळू, खोल ताणात इजा झालेले नर्तक सुरुवातीला बरे दिसत, पण पूर्ववत व्हायला त्यांनाच जास्त वेळ लागला. वाकून बार खाली नेताना झालेली ओढ ही या दुसऱ्या जातीच्या जवळची.

आंबणं आणि इजा यांची वाट उपचारात वेगळी होते. आंबलेल्या पायाला हलकं चालणं, सायकल, गरम पाण्याने अंघोळ, हलकं चोळणं बरं वाटतं. स्ट्रेचिंगने आंबणं टळत नाही किंवा लवकर जात नाही, पण त्याने बिघडतही नाही. फाटलेल्या जागेला मात्र पहिले दोन-तीन दिवस ताणणं, जोरात मसाज आणि शेक हे तिन्ही नकोत. दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि लंगडावं लागणार नाही इतक्या छोट्या पावलांनी चालणं. 'ताणून काढ' हा सल्ला डाव्या पायाला निरुपद्रवी होता, उजव्याला नाही. मला राग येतो तो यासाठी की पायाकडे न बघता तो दोन्हींना एकच दिला जातो.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी तुलना करत बसू नये. 'फट्' असा आवाज येऊन पायावर भारच टाकता न येणं, स्नायूत खळगा लागणं, बेंच प्रेस करताना काखेजवळ तुटल्यासारखं होऊन छातीचा आकार बदलणं, एकच पोटरी सुजून गरम होणं, यात त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर तातडीने रुग्णालय. पहिल्याच दिवशी झेपेल त्याच्या कितीतरी पलीकडचा व्यायाम केला की स्नायूपेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे दुखणंही उशिराच येतं, दोन्ही बाजूंना येतं आणि आंबण्यासारखंच वाटतं. वेगळी असते ती सूज, हात किंवा पाय उचलताच न येणं आणि लघवीचा रंग. या काळात दुखणं दाबायला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांचाही भार मूत्रपिंडांवरच पडतो.

त्या तरुणाला चौथ्या दिवसापासून पाठीवर झोपून, गुडघा थोडा वाकवून टाच गादीत दाबायला सांगितली. कळ येणार नाही इतकाच जोर, पाच आकडे धरायचा. मग दोन्ही पायांवर कंबर उचलणं, मग एका पायावर, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस टाच सरकवत पाय हळूहळू लांब करणं. स्नायूला लांबत असताना जोर पेलायला शिकवणं हाच पुन्हा इजा होऊ नये यासाठीचा मुख्य उपाय. म्हणजे ज्या प्रकारच्या कामाने अंग आंबतं, तेच काम मोजून-मापून करायचं. त्याचा फायदा आंबण्यातही दिसतो. असा एक हलका सराव झाला की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम खूपच कमी दुखतो. म्हणून पहिल्या दिवशी तीन-चार सेटऐवजी एक-दोन आणि निम्मं वजन पुरतं.

एका बोटाने दाबल्यावर दुखेना, दोन्ही पाय सारखेच वर जायला लागले आणि टाचेवरचा माझा जोर दोन्हीकडे सारखाच रोखला गेला, तेव्हा चौथ्या आठवड्यात तो परत बारकडे गेला. रिकामा बार, दोन सेट, तीन आकड्यांत खाली. दोन दिवसांनी त्याने कळवलं की मांड्यांची मागची बाजू आंबलीय, दोन्हीकडे सारखीच, आणि कुठे बोट ठेवता येत नाही. पुढच्या वेळी पाच किलो वाढव, असं मी त्याला सांगितलं.