ओळखपत्रावरील वंशाचा रकाना

ओळखपत्रांतून वंशाचा आणि कांतीच्या रंगाचा उल्लेख नाहीसा झाला, याचे श्रेय पुष्कळ सुशिक्षित माणसे काळाबरोबर आलेल्या सद्बुद्धीला देऊन मोकळी होतात. जग सुधारले, असला मजकूर छापण्याची सरकारांना लाज वाटू लागली आणि त्यांनी तो खोडून टाकला, अशी ही समजूत आहे. ती सुखद आहे खरी. पण दफ्तरे चाळणाऱ्याला निराळेच दिसते. मुळात हे दोन रकाने निरनिराळ्या कामांसाठी निर्माण झाले होते आणि निरनिराळ्या कारणांनी गेले. कांतीचा रंग गेला, कारण माणूस ओळखण्याच्या कामी तो कुचकामी ठरला; वंश मात्र ओळखण्यासाठी मुळी लिहिलाच जात नव्हता, आणि म्हणून ज्या कायद्यांना त्याची गरज होती ते कायदे कोसळेपर्यंत तो हलला नाही.

पहिल्याची हकीकत थोडक्यात सांगता येते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निघालेल्या ब्रिटिश पारपत्रावर कपाळ, नाक, हनुवटी, चेहऱ्याची ठेवण आणि कांती यांचे वर्णन शब्दांत केलेले असे; परंतु ‘गोरी’ किंवा ‘मध्यम’ हे शब्द एका माणसाला लागू पडतात तसेच लाखोंना लागू पडतात, आणि ते लिहिणारा लेखनिक किंवा खुद्द धारकच असल्यामुळे त्यांत रुचीचा आणि क्वचित आत्मप्रौढीचाही अंश मिसळे. अमेरिकेने १९१४च्या अखेरीस आणि ब्रिटनने त्यानंतर लवकरच छायाचित्र सक्तीचे केल्यावर या वर्णनाचे प्रयोजन उरले नाही. उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग आणि एखादी ठळक खूण एवढा तपशील मात्र कित्येक दशके टिकला. आपल्याकडच्या जुन्या पारपत्रांतही तो ज्येष्ठ वाचकांनी पाहिला असेल. १९८०मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राला वाचता येणाऱ्या पारपत्राचा नमुना प्रसिद्ध केला. त्याच्या तळाशी असलेल्या चव्वेचाळीस चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळींत नाव, क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदत यांना जागा मिळाली. कांतीला मिळाली नाही.

वंशाच्या रकान्याची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती दक्षिण आफ्रिकेइतकी तपशीलवार क्वचितच दुसरीकडे सापडते. १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने त्या देशातील प्रत्येक रहिवाशाला गोरा, कलर्ड किंवा मूळ आफ्रिकी यांपैकी एका वर्गात घातले. पुढे १९५९च्या एका जाहीरनाम्याने कलर्ड वर्गाचे केप कलर्ड, मलाय, ग्रिक्वा, चिनी, भारतीय, इतर आशियाई आणि इतर कलर्ड असे पोटभाग पाडले. कोठे राहावे, कोणाशी लग्न करावे, मुलाने कोणत्या शाळेत जावे आणि मत द्यावे की नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका नोंदीतून निघत. पोलिसाच्या हाती दाखला पडला म्हणजे ‘हा मनुष्य कोण?’ यापेक्षा ‘हा मनुष्य येथे असू शकतो काय?’ हे त्याला जाणून घ्यायचे असे.

आता सर्वांत दृढ गैरसमजाकडे वळू: ही वर्गवारी रक्ताची, वंशावळीची, निदान कसल्यातरी शास्त्राची तपासणी करून होत असे, असे लोक धरून चालतात. कायद्याची व्याख्या वाचली तर चकित व्हावे लागते. गोरा म्हणजे दिसण्यात उघडपणे गोरा असणारा किंवा सर्वसाधारणपणे गोरा मानला जाणारा. मात्र दिसायला गोरा असूनही जो लोकांत कलर्ड मानला जातो तो गोरा नव्हे. आणि कलर्ड कोण? जो गोरा नाही आणि मूळ आफ्रिकीही नाही तो. म्हणजे एका वर्गाची व्याख्या शेजाऱ्यांच्या मतावर आणि दुसऱ्याची निव्वळ नकारावर उभी होती. आरंभीच्या नोंदी १९५१च्या शिरगणतीच्या कागदांवरून केल्या गेल्या, आणि वाद पडल्यास ऐकण्यासाठी मंडळे नेमण्यात आली. त्यांच्यापुढे ज्याची नोंद त्यानेच नव्हे, तर तिऱ्हाईतानेही हरकत घ्यावी, अशी सोय कायद्याने ठेवली होती. चुगलखोरीला इतके राजमान्य आसन क्वचितच मिळाले असेल. १९६२च्या दुरुस्तीने माणसाच्या दिसण्याचा निर्णय करताना त्याच्या सवयी, शिक्षण, बोलणे आणि एकंदर वागणूक विचारात घ्यावी, असे सांगितले. केसांत पेन्सिल खोवून ती खाली पडते की अडकून राहते हे पाहण्याची जी परीक्षा पुष्कळांनी ऐकलेली असते, ती कायद्याच्या मजकुरात कोठेही नाही. ती अंमलदारांनी हाताशी धरलेली युक्ती होती. कायद्यात नेमके माप नव्हते, म्हणूनच अशा युक्त्यांना वाव मिळाला.

या पद्धतीत काय बिघडते, हे सँड्रा लेंग हिच्या प्रकरणात उघडे पडले. १९५५ साली पीट रेटीफ गावच्या परिसरात गोऱ्या म्हणून नोंदलेल्या दुकानदार दांपत्याच्या पोटी ती जन्मली; पण तिची कांती सावळी आणि केस कुरळे होते. गोऱ्यांच्या निवासी शाळेत इतर पालकांनी तक्रारी केल्या, १९६६ साली पोलिसांनी तिला शाळेतून घरी पोचवले आणि लवकरच नोंदवहीत ती कलर्ड झाली. एकाच घरात, एकाच मेजाभोवती बसणारी मुलगी कायद्याने आईबापांहून वेगळ्या वंशाची ठरली. पित्याने न्यायालयात धाव घेतली. १९६७ साली कायदाच बदलण्यात आला. दोन्ही आईबाप गोरे म्हणून नोंदलेले असतील तर मूलही गोरेच, असे ठरले, आणि ती पुन्हा गोरी झाली. परंतु या दुरुस्तीने रूपाऐवजी वंशावळ प्रमाण मानली, आणि वंशावळीचा पुरावा म्हणजे आईबापांची तीच जुनी नोंद, जी रूपावरून आणि लोकमतावरून झालेली होती! मुलीची शाळा मात्र तिला परत मिळाली नाही. पुढे तिने एका कृष्णवर्णीय पुरुषाबरोबर संसार थाटला. तेव्हा गोरेपणाची तीच नोंद तिला स्वतःच्या मुलांपासून तोडू पाहू लागली आणि तिलाच पुन्हा कलर्ड होण्यासाठी खटपट करावी लागली.

दुसरा गैरसमज असा, की मंडेला सत्तेवर आले आणि त्यांनी ओळखपत्रांतून वंश काढून टाकला. वस्तुतः कागदावरून तो आठ वर्षे आधीच, गोऱ्यांच्याच सरकारच्या अमदानीत गेला होता. तोवर कागद दोन तऱ्हेचे होते: गोरे, कलर्ड आणि भारतीय यांच्यासाठी ओळखपत्र, तर आफ्रिकी माणसांसाठी बोटांच्या ठशांशी जोडलेले संदर्भ पुस्तक, जे सदैव जवळ बाळगणे सक्तीचे होते आणि ज्याला लोक तिरस्काराने ‘डॉमपास’ म्हणत. १९५२च्या ज्या कायद्याने ते आले, त्याचे नाव ‘परवाने रद्द करण्याचा कायदा’ असे होते, ही सरकारी विनोदबुद्धी नोंदण्याजोगी आहे. आफ्रिकी लोकांना शहरांबाहेर रोखणे अशक्य होत गेले, तेव्हा १९८६ साली परवान्यांचे कायदे गेले आणि नव्या ओळख कायद्याने सर्वांना एकाच नमुन्याचे पुस्तक मिळाले. जुन्या क्रमांकाच्या शेवटाजवळ वंशाचा संकेतांक असे, त्यात गोऱ्यांना ० आणि भारतीयांना ५. तो आता काढण्यात आला. पण मुख्य नोंदवहीतील वर्गवारी राहिलीच. तिचा कायदा रद्द झाला जून १९९१मध्ये, आणि तेव्हाही फक्त नवजात बालकांची वर्गवारी थांबली. आधीच्या नोंदी जुन्या संविधानाच्या निवडणुकांना लागत असल्यामुळे त्या संविधानाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९९४पर्यंत, जपून ठेवल्या गेल्या. ओळखपत्रावरून रकाना जाणे आणि दफ्तरातून वंश जाणे यांत असे अंतर पडले.

मग रकान्याच्या जागी काय आले? तेरा आकड्यांचा क्रमांक, छायाचित्र आणि बोटांचे ठसे. नमुन्यादाखल ८००१०१५००९०८७ हा क्रमांक घेऊ. पहिले सहा आकडे जन्मतारीख सांगतात: १ जानेवारी १९८०. पुढचे चार, ५००९, त्या दिवशी जन्मलेल्यांतील अनुक्रम देतात, आणि ५०००च्या खाली स्त्री, त्यापासून वर पुरुष असा संकेत आहे. अकरावा ० म्हणजे नागरिक. तेथे १ असता तर कायम रहिवासी. बारावा, पूर्वीच्या वंशाच्या अंकाच्या जागचा, आता ८ किंवा ९ असा निरर्थक भरणा आहे. शेवटचा ७ हा तपासणीचा अंक: उजवीकडून दुसऱ्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करावा, दुप्पट दोन अंकी झाल्यास त्याचे अंक मिळवावेत आणि सर्वांची बेरीज घ्यावी, ती दहाने भागली जावी. येथे ती ४० येते. एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला तर बेरीज हटकून बिघडते, आणि शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी बहुधा बिघडते. मात्र ० आणि ९ यांची अदलाबदल या युक्तीला दिसत नाही. आपल्याच उदाहरणातील ‘०९’ चे ‘९०’ केले तरी बेरीज ४०च राहते. म्हणून क्रमांक बरोबर जुळला एवढ्यावरून माणूस तोच, असे ठरत नाही. त्यासाठी ठसा लागतो.

हा ठसाही काही निष्पाप साधन म्हणून आलेला नाही. बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली, आणि ती ट्रान्सवालमध्ये पोचली तेव्हा तिचा पहिला भार पडला तो आशियाई लोकांवर. १९०६च्या ज्या फर्मानाविरुद्ध जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सत्याग्रहाची शपथ घेतली गेली, त्यातील एक ठळक तक्रार ठशांचीच होती. पुढे आफ्रिकी लोकांनाही तेच भोगावे लागले. १९८६नंतर ठसा सर्वांचाच घेतला जाऊ लागला, एवढ्याने त्याचा अर्थ पालटला. एकाच वर्गाकडून घेतला तर तो संशयाचा शिक्का, सर्वांकडून घेतला तर नुसती ओळख, असे माझे मत आहे. आणि साधन तेच असल्यामुळे ते पुन्हा उलट दिशेने वापरता येणार नाही, अशी खात्री मात्र मी देणार नाही.

शेवटचा गैरसमज असा, की आता त्या देशात वंश विचारलाच जात नाही. शिरगणतीत तो विचारला जातो, आणि १९९८च्या रोजगार समानता कायद्यानुसार नोकरदाराकडून तसे निवेदनपत्र भरून घेतात. फरक असा, की आता उत्तर स्वतः माणूस देतो, ते भूतकाळातील अन्याय मोजण्यासाठी वापरले जाते आणि ते ओळखपत्रावर छापले जात नाही. २०१३पासून मिळू लागलेल्या प्लास्टिकच्या ओळखपत्रावर नाव, लिंग, राष्ट्रीयत्व, क्रमांक, जन्मतारीख, जन्मदेश आणि छायाचित्र असते. लिंगाचा संकेत मात्र क्रमांकात अजून गुंफलेला आहे, त्यामुळे २००३च्या कायद्यानुसार ज्याच्या लिंगाची नोंद बदलते, त्याला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि मग बँकेचे खाते, पदवीचा दाखला, जुनी नोकरी या सर्वांशी जुना क्रमांक जोडलेला राहिल्यामुळे आपण तीच व्यक्ती आहोत हे त्याला ठिकठिकाणी नव्याने सिद्ध करावे लागते.